रोमकॉम संपला नाही, पळायची दिशा बदललीय

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला रोमँटिक कॉमेडीवरचा लेख वाचला. लेखकाचं म्हणणं असं की हे सिनेमे संपले, कारण सगळ्यांना सगळं आधीच माहीत असतं, सुरुवातीला दोघं धडकणार आणि शेवटी एक जण एअरपोर्टवर पळत जाणार. पहिला भाग मान्य, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष अजिबात पटला नाही. प्रेक्षकाला काय घडणार ते माहीत असतंच हो, १९३८ मध्येही होतं. मजा असते ती त्या प्रसंगात कुणाला काय माहीत आहे आणि कोण उघडं पडतंय यात, आणि नवे चांगले सिनेमे नेमकी तीच जागा हलवतात.

आता मीट-क्यूट घ्या, म्हणजे नायक-नायिकेची ती गमतीशीर पहिली भेट. त्याचा नमुना म्हणून हमखास सांगितला जाणारा सीन दिग्दर्शक लुबिचच्या १९३८ च्या 'ब्लूबिअर्ड्स एट्थ वाइफ' मधला आहे, लिहिलाय बिली वाइल्डर आणि चार्ल्स ब्रॅकेट यांनी. फ्रान्समध्ये नीसच्या एका दुकानात गॅरी कूपर पायजमा सूट घ्यायला येतो पण त्याला फक्त वरचा शर्ट हवाय, कारण खालचा तो घालतच नाही, मग पूर्ण पैसे का द्यायचे. दुकानदार अडून बसतो. तेवढ्यात क्लॉडेट कोल्बेर येते आणि म्हणते मला फक्त खालचा हवाय. नुसता गोड योगायोग म्हणून हा सीन टिकला नाही, पाच मिनिटांत माणूस कळतो म्हणून टिकला. गडी श्रीमंत आहे, हट्टी आहे, आणि हवं तेवढंच घेऊन बाकीचं मागे ठेवायची त्याला सवय आहे, पुढे कळतं की त्याची आधी सात लग्नं झालीयत. म्हणजे सगळं भांडण पायजम्यातच सांगून झालं होतं. नाहीतर आपल्याकडे पुस्तकं पडतात, दोघं एकदम वाकतात, डोक्याला डोकं लागतं, आणि त्यातून त्या दोघांबद्दल काहीच कळत नाही, कुणाचीही पुस्तकं कुणावरही पडली असती.

याला आपला मराठी ट्विस्ट सतीश राजवाडेंनी २०१० ला 'मुंबई-पुणे-मुंबई' मध्ये दिला आणि त्याची दखल त्या लेखात नव्हती याचं आश्चर्य वाटलं. मुंबईची मुलगी पुण्याला आलीय एका स्थळाला नकार द्यायला, रस्त्यात एकाला पत्ता विचारते, मग दिवसभर दोघं भांडत फिरतात, आणि शेवटी कळतं की तो मुलगाच ते स्थळ होता. बघा, इथे दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत घातल्यात. एकीकडे कांदेपोहे, जिथे दोघांना एकमेकांचं शिक्षण, पगार, सगळं माहीत असतं फक्त माणूस माहीत नसतो, आणि दुसरीकडे अनोळखी भेट, जिथे नेमकं उलटं असतं. त्याच दोघांना बैठकीत समोरासमोर बसवलं असतं तर दहा मिनिटांत नकार आणि ती परतीच्या गाडीत. तिला माहीत नव्हतं म्हणूनच ती खरं बोलली. दोघांना नावंही दिलेली नाहीत हे तेव्हा अनेकांना गंमत वाटलं, पण ते त्या कल्पनेतूनच आलेलं आहे, स्थळ म्हटलं की आधी नाव, गाव, गोत्र येतं ना.

आता शेवटचा पळापळीचा सीन, ग्रँड जेश्चर. यात खरी गडबड अशी आहे की तो चारचौघांत केला जातो आणि बघ्यांच्या टाळ्यांमुळे समोरच्याला नाही म्हणायची सोयच उरत नाही. आपल्याकडे तर नायक मागे लागलाय, दारात उभाय, हात कापून घेतोय, आणि यालाच प्रेम म्हणायचं अशी कितीतरी वर्षं गेली. माझी एक साधी कसोटी आहे, त्या सीनमधून बघे काढून टाका आणि तिच्या उत्तराची जागा रिकामी ठेवा, तरी तो सीन उभा राहतो का? 'दिलवाले दुल्हनिया' राहतो, कारण तिथे आई स्वतः दागिने देऊन पळून जा म्हणत असताना राज नाही म्हणतो, म्हणजे मोठी गोष्ट ट्रेनच्या आधीच होऊन गेलेली असते. (त्यानंतर सगळ्यांनी उचलली ती ट्रेन, तो नकार कुणी उचलला नाही, असो.)

या बाबतीत मला सगळ्यात हुशार वाटतो तो १९९७ चा 'माय बेस्ट फ्रेंड्स वेडिंग'. ज्युलिया रॉबर्ट्स मायकल या मित्राचं लग्न मोडायला शिकागोला जाते आणि आपली सवय अशी की नायिका म्हणजे तिचंच जुळणार. लग्नाच्या दिवशी ती त्याला सांगते की माझं तुझ्यावर प्रेम आहे, मला निवड, आणि त्याला किस करते. होणारी नवरी किम ते बघते आणि पळते, तो नवरीच्या मागे, आणि ज्युलिया एक डिलिव्हरीचा ट्रक पळवून त्याच्या मागे. पळता पळता न्यूयॉर्कमधल्या दुसऱ्या एका मित्राला फोन लावते तर तो शांतपणे विचारतो, मायकल किमच्या मागे, तू मायकलच्या मागे, पण तुझ्या मागे कोण आहे? कुणीच नाही. म्हणजे पळापळीचा सीन पूर्णच्या पूर्ण आहे, फक्त त्यातून निघणारी माहिती उलटी आहे. आणि मग खरी मोठी गोष्ट ती बेसबॉल स्टेडियमच्या लेडीज टॉयलेटमध्ये करते, नवरीसमोर, बाकीच्या बायका बघत असताना कबूल करते की चूक माझी. इथेही बघे आहेत, पण ते तिच्या बाजूने दबाव टाकत नाहीत, उलट तिलाच फैलावर घेतात. शेवटी तिला जोडीदार मिळत नाही, तो फोनवरचा मित्र येतो आणि दोघं नाचतात. हा शेवट नंतर शूट केलेला आहे, आधीच्या शेवटात तिला लग्नातच एक नवा माणूस भेटायचा, तो टेस्ट स्क्रीनिंगला लोकांना आवडला नाही. म्हणजे प्रेक्षकाला ठरलेलंच हवं असतं हेही खरं नाही बघा.

नवीन म्हणाल तर २०२३ चा 'राय लेन' जरूर बघा, दक्षिण लंडनमधला, दीड तासाहून कमीच आहे. मुलगा आर्ट गॅलरीच्या टॉयलेटमध्ये दार लावून ढसाढसा रडतोय आणि मुलगी बाहेरून ऐकते, ही त्यांची भेट. चेहरा दिसायच्या आधी तो पूर्ण उघडा पडलाय. मग त्याची एक्स आणि त्याचाच बेस्ट फ्रेंड, जे आता एकत्र आहेत, त्यांना भेटायला तो जातो आणि तिथे ही मुलगी येऊन सरळ खोटंच सांगते की मी याची नवी गर्लफ्रेंड. शेवटी यायचा तो ग्रँड जेश्चर सिनेमाच्या पहिल्या भागातच येऊन गेला, तोही मुलीकडून, तोही खोटा! आणि गंमत म्हणजे काम करतो. पण तो मुलगा मोकळा झालाय आणि ही झालेली नाही, स्वतःच्या ब्रेकअपची गोष्टही तिने सोयीने बदलून सांगितलीय, आणि पुढे अडतं ते तिथेच. अडचण बाहेरून आणावी लागत नाही, पहिल्या भेटीतच ती पेरलेली होती.

याउलट आजकाल एक पळवाट निघालीय. पात्रच म्हणतं, अरे हे तर सिनेमासारखं झालं, प्रेक्षक हसतात, आणि पुढच्या मिनिटाला तो पळतोच एअरपोर्टकडे, तीही हो म्हणते. याला ट्विस्ट म्हणत नाहीत हो, नियमावर जोक मारून नियमच पाळला. तुमच्या परीक्षणांमध्ये अशा सिनेमांना 'फ्रेश ट्रीटमेंट' म्हणून साडेतीन स्टार मिळतात आणि केमिस्ट्री छान आहे एवढंच लिहिलेलं असतं. परीक्षकांना एवढं सांगाल का, की स्पॉइलर न देता निदान हे लिहा, मोठी गोष्ट कोण करतं, आणि समोरच्याला नाही म्हणायला जागा होती का?

आपला नियमित वाचक,
डोंबिवली