‘गणित शिक्षक पाहिजे’ एवढ्याने भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा उघडण्याच्या आगेमागे मोबाइलवर आणि आपल्या छोट्या जाहिरातींच्या रकान्यात ठरावीक साच्याचा एक संदेश दिसतो: ‘गणित शिक्षक पाहिजे. पात्रता बी.एस्सी. बी.एड. इंग्रजी उत्तम हवे. डेमो घेतला जाईल. त्वरित संपर्क साधावा.’ अनुदानित पदांची भरती बहुतांशी शासनाच्या पवित्र पोर्टलमार्फत होते. त्यामुळे असे संदेश विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांचे किंवा तासिका तत्त्वावरच्या जागांचे असतात. शाळा लहान, इयत्तेला एकेक तुकडी आणि गणिताला एकच माणूस. तो चुकीचा निवडला गेला तर सावरून घ्यायला दुसरा गणित शिक्षक नसतो. म्हणून संदेश नेमका लिहिण्याची गरज मोठ्या शाळांपेक्षा या शाळांना जास्त आहे.

या संदेशात हमखास राहून जाते ते माध्यम. ‘इंग्रजी उत्तम हवे’ म्हणजे माध्यम सांगितले असे होत नाही. पूर्ण इंग्रजी माध्यमात पुस्तक, फळा, बोलणे आणि उत्तरपत्रिका सगळेच इंग्रजीत. मराठी माध्यमात सगळे मराठीत. सेमी-इंग्रजीत मात्र गणित आणि विज्ञानाचे पुस्तक व परीक्षा इंग्रजीत, आणि मुलांची समजण्याची भाषा मराठी. या तिन्हींसाठी लागणारी माणसे वेगळी असतात. स्वतः इंग्रजी माध्यमात शिकलेला उमेदवार मराठी माध्यमाच्या पाचवीत पाढे किंवा तोंडी हिशेब घेताना ‘एकोणऐंशी’पाशी अडखळतो, आणि ‘सेव्हन्टी नाइन’ म्हणून सुटका करून घेतो. मुले त्याच्याकडे नुसती बघत राहतात. उलट मराठी माध्यमातून आलेला उत्तम शिक्षक पूर्ण इंग्रजी वर्गात आकडेमोड सहज करून दाखवतो, पण शाब्दिक उदाहरण समजावताना त्याची वाक्ये तुटतात. दोघांचेही गणित पक्के असते. संदेशात माध्यम असते तर दोघांनीही फेरी वाचवली असती.

सेमी-इंग्रजीत गोंधळ सर्वांत जास्त होतो, म्हणून तिथे एका वाक्याची भर घालावी: ‘संज्ञा व लेखन इंग्रजीत, स्पष्टीकरण मराठीत.’ ही अपेक्षा आधी कळली की उमेदवार त्या तयारीने येतो.

आता पात्रता. ‘बी.एस्सी. बी.एड.’ एवढेच लिहिले की वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन पदवीधर झालेलेही अर्ज करतात, आणि त्यांची काही चूक नसते. ‘पदवीला गणित विषय, बी.एड.ला गणित अध्यापन पद्धती’ असे लिहावे. पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण असावे लागते. सहावी ते आठवीच्या दुसऱ्या पेपरमध्ये गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र असा पर्याय असतो, तेव्हा ‘टीईटी उत्तीर्ण’ याच्यापुढे ‘पेपर दोन, गणित-विज्ञान’ हेही लिहायला हवे. नववी-दहावीपुरतीच जागा असेल तर टीईटीचा उल्लेख करूच नये, नाहीतर चांगले उमेदवार उगाच मागे हटतात.

कामाचा भार सांगायला शाळा कचरतात. पाचवी ते दहावी एकेक तुकडी आणि गणिताला आठवड्याला सहा-सात तासिका धरल्या तर एकट्याच्या वाट्याला ३६ ते ४२ तासिका येतात. हे एका माणसाचे काम नव्हे. म्हणून लहान शाळा सहसा वरच्या तीन इयत्ता गणित शिक्षकाला देतात आणि सोबत आठवीचे विज्ञान जोडतात. ते विज्ञान रुजू झाल्यावर कळले तर माणूस दिवाळीपर्यंत टिकत नाही. मानधनाचा आकडा, ते मे महिन्यात मिळणार का, आणि नेमणूक पूर्णवेळ की तासिका तत्त्वावर, हेही संदेशातच असावे. ‘मानधन चर्चेनंतर’ असे वाचले की ज्याच्या हातात आधीच काम आहे तो फोन करत नाही.

आता डेमो. ‘आवडीचा कोणताही घटक घ्या’ असे सांगितले की दहातले बहुतेक जण पायथागोरसचे प्रमेय नाहीतर वर्तुळाचे घटक घेऊन येतात. पाठ घोटलेला असतो, रंगीत तक्ता असतो, आणि समोर बसतात शाळेचेच शिक्षक. मोठी माणसे मुलांसारखी चुकत नाहीत. त्यामुळे ज्या क्षणी शिक्षकाची खरी परीक्षा व्हायची तो क्षण येतच नाही. घटक शाळेने द्यावा, पुस्तकाच्या पानाच्या फोटोसह दोन दिवस आधी कळवावा, आणि समोर त्या इयत्तेची आठ-दहा मुले बसवावीत. सुट्टी असली तरी तेवढी मुले एका सकाळी बोलावता येतात.

घटक असा निवडावा की त्यात मुले हमखास चुकतात. सेमी-इंग्रजीच्या आठवीसाठी एकचल समीकरणांवरचे शाब्दिक उदाहरण यासाठी उत्तम. फळ्यावर हे एकच वाक्य लिहायला द्यावे: ‘थ्री लेस दॅन ट्वाइस अ नंबर इज इलेव्हन.’ मराठीत हेच ‘एका संख्येच्या दुपटीपेक्षा ३ ने कमी असलेली संख्या ११ आहे’ असे होते. मराठी वाक्यात दुप्पट आधी येते आणि ३ नंतर. समीकरणातही तोच क्रम: 2x − 3 = 11, म्हणून x = 7. इंग्रजी वाक्य मात्र ३ पासून सुरू होते. मूल डावीकडून वाचत जाते, जे दिसेल ते लिहीत जाते, आणि वहीत उतरते 3 − 2x = 11. हे सोडवले की x = −4 येते. उत्तर पूर्णांकात सुटल्यामुळे मुलाला शंकाही येत नाही. पाठातले खरे दहा मिनिटांचे काम इथून पुढे आहे.

कच्चा शिक्षक ‘चूक’ म्हणतो, फळा पुसतो आणि बरोबर समीकरण स्वतः लिहून देतो. मुले उतरवून घेतात आणि पुढच्या उदाहरणात तशीच चुकतात. दुसऱ्या प्रकारचा शिक्षक ‘लेस दॅन दिसले की उलटे लिहायचे’ असा नियम देतो. तो वरवर उपयोगी वाटतो, पण ‘ट्वेल्व्ह लेस फाइव्ह’ आले की उलटे लिहायचे नसते, आणि नियम पाठ केलेले मूल तिथे फसते. जाणता शिक्षक −4 फळ्यावर तसेच ठेवतो आणि मुलांनाच वाक्यात घालून बघायला सांगतो: −4 ची दुप्पट −8, तिच्यापेक्षा ३ ने कमी म्हणजे −11. वाक्यात तर ११ आहे. मग तो विचारतो, ‘कशापेक्षा कमी? कशातून काढायचे आहे?’ ‘दुपटीतून’ हे उत्तर मुलाच्या तोंडून आले की समीकरण मूलच दुरुस्त करते. पडताळा समीकरणात न घेता मूळ वाक्यात घ्यायचा, हे मुद्दाम पाहावे. 3 − 2x = 11 यात −4 घातले तर दोन्ही बाजू जुळतातच, आणि चूक तशीच लपून राहते.

माध्यमाची कसोटीही इथेच लागते. पूर्ण वाक्य मराठीत करून मगच समीकरण मांडणाऱ्या शिक्षकाच्या वर्गात मुलांना सगळे समजते, पण परीक्षेत मराठी वाक्य समोर नसते. सगळे इंग्रजीतच बोलणाऱ्याच्या वर्गात मुले गप्प होतात आणि ‘अंडरस्टूड?’ला एका सुरात ‘येस’ म्हणतात. हा ‘येस’ निरीक्षकांनी मुळीच जमेस धरू नये. पाठ संपल्यावर एखाद्या मधल्या बाकावरच्या मुलाला दुसरे वाक्य द्यावे, ‘फाइव्ह सबट्रॅक्टेड फ्रॉम अ नंबर’, आणि आधी अर्थ मराठीत सांगून मग राशी लिहायला सांगावे. x − 5 आले तर पाठ पोचला.

मराठी माध्यमाच्या शाळेने हे उदाहरण घेऊ नये, कारण तिथे ही अडचण मुळात येतच नाही. तिथे सहावीसाठी एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज घ्यावी. मुले अंशात अंश, छेदात छेद मिळवून दोन पंचमांश लिहितात. लसावि काढण्याची रीत पुन्हा सांगणाऱ्यापेक्षा ‘अर्ध्यात भर घातली, मग उत्तर अर्ध्यापेक्षा लहान कसे?’ असे विचारणारा शिक्षक घ्यावा.

पाठ २५ मिनिटांचा पुरे. नंतरची दहा मिनिटे उमेदवाराला मुलाची चुकीची सोडवलेली वही द्यावी आणि शेरा लिहायला सांगावे. लाल फुली मारून थांबणारा आणि चुकलेल्या पायरीखाली रेघ ओढणारा यांतला फरक मुलाखतीत कितीही प्रश्न विचारून कळत नाही. निरीक्षकांत गणित शिकवणारे एक जण हवेच. शाळेत दुसरे नसेल तर शेजारच्या शाळेतले किंवा निवृत्त शिक्षक बोलवावेत. इतर विषयांचे शिक्षक आवाज, अक्षर आणि वर्गशिस्त पाहतात, आणि त्यातच गुण संपतात.

काही ठिकाणी डेमोच्या नावाखाली आठवडाभर फुकट तास घेतात आणि रिकाम्या तासिका भरून काढतात. असे प्रकार कानोकानी पसरतात आणि त्या शाळेच्या पुढच्या संदेशाला उत्तर येत नाही. एक पाठ, एकच दिवस, हे संदेशातच लिहून टाकावे. मूळ प्रमाणपत्रे फक्त पडताळणीसाठी मागावीत आणि त्याच दिवशी परत करावीत.

हे सगळे धरून संदेश साधारण असा होईल:

‘विनाअनुदानित माध्यमिक शाळेत (राज्य मंडळ, सेमी-इंग्रजी) गणित शिक्षकाची एक जागा. इयत्ता ८ वी ते १० वी गणित व ८ वी विज्ञान, आठवड्याला एकूण २६ तासिका. संज्ञा व लेखन इंग्रजीत, स्पष्टीकरण मराठीत. पात्रता: बी.एस्सी. (गणित), बी.एड. (गणित पद्धती), आठवीसाठी टीईटी पेपर दोन, गणित-विज्ञान. पूर्णवेळ, दरमहा मानधन … रुपये, मे महिन्यासह. डेमो: २५ मिनिटे, इयत्ता ८ वी, समीकरणांवरील शाब्दिक उदाहरणे, विद्यार्थ्यांसमोर, नंतर १० मिनिटे वही तपासणी. एकच फेरी. पुस्तकाचे पान दोन दिवस आधी पाठवू. दिनांक, वेळ, पत्ता … मूळ कागदपत्रे पाहून लगेच परत. निकाल तीन दिवसांत, निवड न झालेल्यांनाही कळवू.’

मोबाइलच्या एका पडद्यात हे बसते. छापील जाहिरातीत ओळींचे पैसे पडतात, तेव्हा जागा कमी पडल्यास शाळेच्या स्थापनेचे वर्ष, ‘नामांकित’ आणि ‘निसर्गरम्य परिसर’ हे आधी काढावे. माध्यम, इयत्ता, मानधन आणि डेमोचा घटक ठेवावा. आपल्या जाहिरात विभागाने शाळांकडून मजकूर घेताना हे चार मुद्दे विचारून घेतले तर उमेदवारांच्या कितीतरी फेऱ्या वाचतील.

आपला,
गणित अध्यापनाशी संबंधित एक वाचक