मुलगाच मिळाला, असं लिहून बसले

प्रिय सुमे,

चार महिने तुला एक ओळ लिहिली नाही, रागव. गुडघा आहे तसाच, यांची साखर ठीक. ते राहू दे.

लेकीचा दिवाळसण झाला. दोघं नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी आली आणि भाऊबीज करून गेली. सगळं छान पार पडलं, तरी मला दोन रात्री झोप नाही. हे तुझ्याखेरीज कुणाला सांगू?

पाडव्याला लेकीनं जावयांना ओवाळलं. तो फोटो मी दोन्ही घरांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'जावई नाही, आम्हाला मुलगाच मिळाला!' मनापासून लिहिलं गं. सगळ्या मावश्या-काकवांनी बदाम पाठवले. विहीणबाईंचे तासाभरानं नुसते जोडलेले हात आले. रात्री लेक हळूच म्हणाली, "आई, त्यांच्याकडे यंदा पहाटे हाका मारून उठवायला कुणी नव्हतं." एकुलता एक तो. पंचवीस-तीस वर्षांत पहिल्यांदा दिवाळीला घरात नाही, आणि मी त्याच्या आईला कळवते की तो आता आमचा झाला!

तेव्हा तू आठवलीस. तुझा लेक पहिल्या दिवाळीला सासुरवाडीला गेला, तू फोनवर रडलीस आणि मी म्हणाले, "एका दिवाळीनं काय होतंय?" तू तीन आठवडे बोलली नाहीस. मी तुला हट्टी म्हणत राहिले. चूक माझी होती, सुमे.

मग ठरवलं, व्याह्यांना नीट हातानं पत्र लिहायचं. आधी यांनी मसुदा केला. 'सादर प्रणाम, आमच्या हातून काही न्यून राहिले असल्यास उदार मनाने पोटात घालावे.' अगदी बदलीचा अर्ज! मी हसले, हेही हसले. पण लेक हसली नाही. म्हणाली, "काय चुकलं ते शोधा असं तुम्हीच सांगताय. आणि शोधलं तर ऐकायचं मला." खरं आहे. आपल्या आयांनी ते वाक्य प्रत्येक पत्रात लिहिलं, आणि लेकींनी निस्तरलं.

जावयांचं कौतुकही मी निम्मं खोडलं. किती शांत, किती समजूतदार, हे त्यांच्या आईला मी काय सांगणार? तिनंच वाढवलाय. तिला हवं ते वेगळंच, तो आमच्याकडे असताना कसा होता ते. तू नाही का विचारत होतीस, "तिथे नीट झोपला असेल ना?" शेवटी हे लिहिलं:

'श्री. व सौ. यांना सप्रेम नमस्कार. वि. वि. दिवाळीत मुलाला आमच्याकडे पाठवलंत, तुमचं घर त्या दिवशी किती रिकामं वाटलं असेल ते जाणवलं. पहाटे उटणं लावताना ते म्हणाले, "आमच्याकडे आई आधी पाठीला लावते." मग आम्हीही आधी पाठीलाच लावलं. पहिला फोन त्यांनी तुम्हालाच केला. रात्री झोप शांत लागली. पुढची दिवाळी दोघांची तुमच्या अंगणात होईल, त्याचा आम्हालाही आनंद आहे. कळावे, लोभ असावा.'

दिल्या-घेतल्याचा उल्लेख नाही. लिहिला की मोजदाद सुरू होते. जावयांनी यांच्याजवळ नोकरीतली एक काळजी बोलून दाखवली होती, तीही मी ओळ लिहून खोडली. ती आईला त्याच्याच तोंडून कळायला हवी. आमच्या पत्रातून कळली तर पुन्हा तेच, 'मुलगा तुमचा झाला'. 'दरवर्षी असंच पाठवा' हेही यांनी शेवटी घातलं होतं, तेही काढलं.

लेक म्हणत होती, जाताना आमच्याबरोबरच दे. नाही दिलं. पोरं समोर उभी असताना पत्र वाचायचं म्हणजे चेहरा सांभाळावा लागतो. ते दोघं घरी पोचून दोन दिवस झाले, मग पोस्टात टाकलं. ग्रुपवरचा मजकूर पुसला नाही. पुसलेलं जास्त दिसतं.

आज सहा दिवस झाले. उत्तर नाही. लेकीला विचारायची हिंमत होत नाही, आणि विचारलं तर ती तिथे कानोसा घेत बसेल.

तुझ्या सुनेची बदली झाली का? नातू चालायला लागला असेल. डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकलू नकोस.

आणि एक सांग. त्या वर्षी सुनेच्या आईनं तुला काही लिहिलं होतं का गं? काय लिहिलं होतं? मी तेव्हा विचारलंच नाही.

तुझीच,
शैला