नांदो घर हे सुखाने

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

वास्तुशांतीची तिथी ठरली आहे, गुरुजीही ठरले. त्याबद्दल फोनवर बोललोच आहोत. हे पत्र वेगळ्याच कामासाठी लिहितेय. होम झाल्यावर, उंबरठा ओलांडून सगळे आत आले की म्हणायला मी एक गाणं लिहिलंय. ते तुम्ही दोघांनी तपासून द्यायचं.

आधी मी मोठ्या हौसेनं मंगलाष्टकाच्या चालीत लिहायला बसले होते. शार्दूलविक्रीडित, एका ओळीत एकोणीस अक्षरं. चार ओळी जमल्यासुद्धा. मग लग्नातलं चित्र डोळ्यांपुढे आलं. मंगलाष्टकं म्हणणारे दोघं-तिघं असतात आणि बाकीचे हातात अक्षता घेऊन ‘सावधान’ची वाट बघत उभे असतात. तेवढ्या एका शब्दापुरता त्यांचा सहभाग. मला पाहुण्यांनी आशीर्वाद ऐकायला नको होता, द्यायला हवा होता. म्हणून वृत्त सोडलं आणि लहान अभंगाची आठ अक्षरं धरली. आठ अक्षरं भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत सरळ बसतात, म्हणजे टाळी वाजवता येणाऱ्या कुणालाही ओळ कुठे संपते ते आपोआप कळतं.

बाबा, तुम्ही बोटांच्या पेरांवर अक्षरं मोजायला शिकवलं होतंत, ते कामी आलं. जोडाक्षर एकच धरायचं, हेही विसरले नव्हते.

ध्रुपद आधी असं होतं: ‘सुखाने नांदो हे घर’. मोजलं तर बरोबर आठ. खालच्या मजल्यावरच्या काकू, त्यांच्या दोघी सुना आणि आमच्या ऑफिसातले चौघं यांना चहाला बोलावून म्हणून बघितलं, तर दुसऱ्याच फेरीत टाळी भरकटली. सगळे शेवटी ‘घर्’ म्हणत होते, आपण बोलतो तसं. ‘र’ तोडल्यावर अक्षरं उरली सात, आणि आठव्या मात्रेवर नुसती शांतता. गाणारा माणूस ‘घरऽ’ असं पूर्ण म्हणतो, पण पाहुणे म्हणत नाहीत आणि त्यांना तसं शिकवायला वेळही नसतो. दुसरं म्हणजे सुरुवातीचा ‘सु’ इतका आखूड आहे की लोकांना ओळ सुरू झाल्याचं कळायच्या आत तो निघून जातो. म्हणून तेच शब्द फिरवले: ‘नांदो घर हे सुखाने’. आता समेवर ‘नां’ येतो, लांब आणि भरदार, आणि शेवटी ‘ने’ हवा तेवढा ओढता येतो. उशिरा पोचलेल्यालाही तो ‘ने’ पकडता येतो. हे महत्त्वाचं आहे, कारण आमच्या लिफ्टमध्ये एका वेळी आठच माणसं मावतात. पाहुणे हप्त्याहप्त्यानं सतराव्या मजल्यावर येणार.

त्या दिवशी आणखी एक घोटाळा झाला. एका कडव्यात मी ‘दुःख ना येवो दारात’ लिहिलं होतं. घोळक्यात माणसं ओळीचा पहिला शब्द जोरात म्हणतात आणि पुढचं पुटपुटतात. परिणामी माझ्या रिकाम्या हॉलमध्ये सात जणांनी खणखणीत आवाजात ‘दुःख!’ म्हटलं. आजी म्हणायची ना, वास्तू नेहमी तथास्तु म्हणते? अंगावर काटाच आला. ती ओळ गेली, आणि ‘संकट’, ‘नको’, ‘ना’ असले सगळेच शब्द गेले. जे हवं तेवढंच मागायचं.

‘माझे घर’, ‘माझ्या दारी’ हेही काढलं. पाहुण्यानं माझ्या घराला ‘माझे’ म्हणायचं म्हणजे त्याची जीभ अडखळणारच. ‘हे घर’ मात्र मी म्हटलं तरी खरं आणि त्यांनी म्हटलं तरी खरं.

आता गाणं असं आहे. पहिल्या दोन ओळी एकानं म्हणायच्या, तिसरी सगळ्यांनी दोनदा:

उंबऱ्यावरी रांगोळी
तोरणी आंब्याची पाने
नांदो घर हे सुखाने

दुधावरी साय यावी
डबे भरोत धान्याने
नांदो घर हे सुखाने

आल्यागेल्या पाणी मिळो
चहा हसऱ्या मुखाने
नांदो घर हे सुखाने

पाहुण्यांना आठच अक्षरं पाठ करायची आहेत. म्हणणाऱ्याची दुसरी ओळ ‘ने’वर संपली की आपली पाळी आली, हे त्यांना यमकावरूनच कळतं, हातानं खूण करावी लागत नाही. कागद वाटायचा विचार मी सोडून दिला. कागद हातात आला की माणसं वाचायला लागतात, टाळी थांबते, आणि चष्मा आणला नाही म्हणून निम्मी गप्प बसतात.

आई, दुधाची ओळ आधी ‘दूध उतू जावो इथे’ अशी होती. प्रवेशाच्या दिवशी आपण वाटीभर दूध मुद्दाम उतू घालवतो, म्हणून. काकू म्हणाल्या, अगं, वास्तू तथास्तु म्हणाली तर रोज शेगडी पुसत बसशील! म्हणून साय आणली. पाइपचा गॅस अजून आलेला नाही, त्यामुळे दूध इंडक्शनवरच उतू जाणार आहे. त्याला तुझी हरकत असेल तर आत्ताच सांग.

चाल तुझीच घेतलीय, पहाटे केर काढताना तू ओव्या गुणगुणायचीस ती. फक्त वरचा धैवत काढून टाकला. आता सगळी चाल षड्जापासून पंचमापर्यंत पाच सुरांत राहते. पट्टी काळी एक. एवढ्या टप्प्यात पुरुष खालच्या सप्तकात आणि बायका वरच्या सप्तकात, दोघंही न ओरडता म्हणू शकतात. मी आधी माझ्या सोयीनं काळी चार धरली होती, तर ऑफिसातले चौघं पंचमावर पोचेपर्यंत नुसते ओठ हलवत होते. लय आपण चालतो तेवढी, जास्त सावकाश नको. सावकाश झालं की ‘सुखाने’च्या मध्येच लोकांचा श्वास संपतो. या लयीत तीन कडवी मिनिटाच्या आत होतात. एवढी तर पाहुणे पायावर उभे राहून म्हणतील. नाहीतरी सोफा पुढच्या महिन्यात येणार आहे.

म्हणायचं तू, आई. माझ्या आवाजाची लोकांना भीड पडत नाही, तू सुरू केलंस की खोली गप्प होते. बाबा, तुमचे टाळ घेऊन या, मोठे नकोत, देवघरातले लहान. नव्या भिंती रिकाम्या आहेत, आवाज फार घुमतो. मोठ्या टाळांत शब्द बुडतील.

आणि चौथं कडवं अडलंय. दुसरी ओळ झालीय, ‘लेकरांच्या गलक्याने’. तिच्या आधी भिंतींची ओळ हवी, त्या बोलत्या होवोत अशा अर्थाची. मी ‘भिंती हसोत बोलोत’ लिहिलंय. आठ भरतात, पण शेवटी पुन्हा तोच तुटका ‘त’. पाहुण्यांची ओळ नाही म्हणून चालेलही, पण मला खुपतंय. बाबा, दुपारच्या झोपेआधी पेरांवर मोजून बघा आणि सुचलं की फोन करा. नाहीच सुचलं तर तीन कडव्यांवर थांबू.

ठाण्याला उतरा, दादरपर्यंत जाऊ नका. मुलुंड तिथून जवळ पडतं. मी स्टेशनवर येते.

तुमची,
सुमी