खोली चुकली की सगळेच चुकते

संपादक महोदय,

समुद्रातून शत्रूच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याविषयी आपल्या अंकात आलेल्या मजकुरात जहाजे आणि तोफांच्या संख्येवर भर होता. माझ्या मते खरी कसोटी असते ती पाण्याची खोली आणि घड्याळ यांची.

अशा मोहिमेची आखणी शेवटाकडून सुरू होते. किनाऱ्यावर काय जिंकायचे ते आधी ठरते. त्यावरून सैनिकांच्या पहिल्या लाटेत कोण उतरणार, त्यांना किती बोटी लागणार आणि सर्वांत शेवटी जहाजात माल कसा भरायचा, हे ठरत जाते. आधी लागणारी वस्तू सगळ्यात शेवटी, वरच्या बाजूला चढवायची. दारूगोळा तंबूंखाली गाडला गेला, तर किनाऱ्यावरच्या तुकडीला तो वेळेवर मिळत नाही. जमिनीवर हल्ला करणाऱ्याच्या पाठीशी सैन्य असते. इथे किनाऱ्यावरचे बळ शून्यापासून, एकेका बोटीने वाढते आणि बचाव करणाऱ्याची फौज मात्र आधीच मोर्चे बांधून बसलेली असते.

नोव्हेंबर 1943 मध्ये पॅसिफिक महासागरातील तारावा प्रवाळद्वीपातील, जपानच्या ताब्यातल्या बेटिओ बेटावर अमेरिकी मरीन सैनिक उतरले, तेव्हा हे सारे दिसले. बेटाभोवती प्रवाळाचा रुंद उथळ खडक आहे. सैनिक किनाऱ्यावर उतरवणाऱ्या, माणसांनी भरलेल्या हिगिन्स बोटीला त्यावरून जायला साधारण 4 फूट पाणी हवे होते. 20 तारखेला भांगाची, म्हणजे पाणी कमी चढणारी भरती होती; चंद्रही पृथ्वीपासून लांब असल्याने ती आणखी कमी होती. खडकावर जेमतेम 3 फूट पाणी राहिले. ही शक्यता आधीच सांगितली गेली होती, पण तारीख पुढे ढकलली तर मार्शल बेटांवरची पुढची चढाई लांबली असती.

पहिल्या तीन लाटा पाण्यात तरंगणाऱ्या आणि रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणाऱ्या ॲमट्रॅक गाड्यांमधून खडक ओलांडून गेल्या. असे ॲमट्रॅक होते फक्त 125, त्यामुळे मागच्या लाटा बोटींतच होत्या. त्या खडकावर अडकल्या आणि सैनिकांना मशीनगनच्या माऱ्यात सुमारे अर्धा किलोमीटर पाण्यातून चालत जावे लागले. त्यात ॲमट्रॅकना उशीर झाला होता. नौदलाचा भडिमार थांबला आणि पहिली लाट किनाऱ्याला लागली, यांत सुमारे पाव तास गेला. तेवढ्यात जपानी सैनिक बंदुकांवर परतले. आदेश देणाऱ्या मेरीलँड युद्धनौकेचे रेडिओ तिच्याच तोफांच्या हादऱ्याने बिघडत होते, त्यामुळे किनाऱ्यावर काय चालले आहे हे सेनापतीला धड कळत नव्हते. 76 तासांत सुमारे 1,000 मरीन मेले.

यानंतर ॲमट्रॅकची संख्या वाढवण्यात आली. उतरण्याआधी खडकाची खोली मोजणे आणि अडथळे सुरुंगाने उडवणे यासाठी नौदलाने पाण्याखालच्या तुकड्या उभारल्या. जानेवारी 1944 च्या अखेरीस क्वाजालीनच्या चढाईत त्या कामाला लागल्या होत्या.

– एक वाचक