माता मृत्यूचा तक्ता आणि हरवलेला 'लाख'

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात एका ग्रामीण रुग्णालयात बसलो असताना समोरच्या भिंतीवरचा तक्ता वाचला. त्यात 'अर्भक मृत्यू दर १६, माता मृत्यू दर ३३' असे ठळक लिहिले होते आणि दोन्ही आकड्यांपुढे कोणीतरी हौसेने टक्क्याचे चिन्ह काढले होते. शेजारच्या बाई नातसुनेच्या बाळंतपणासाठी आल्या होत्या. 'शंभरात तेहेतीस बाया जातात होय?' असे त्यांनी विचारले, तेव्हा मला प्रथम त्यांची समजूत घालावी लागली.

नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्राचा अर्भक मृत्यू दर २०२० मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे १६ होता, तर २०१८-२० या तीन वर्षांचा माता मृत्यू दर दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता. हजारात शंभर दहा वेळा येतात, म्हणून १६ ला दहाने भागले की १.६ टक्के मिळतात. लाखात शंभर हजार वेळा येतात, म्हणून ३३ ला हजाराने भागून ०.०३३ टक्के. म्हणजे सुमारे तीन हजार जिवंत जन्मांमागे एक माता. तक्त्यावर ३३ हा आकडा १६ च्या दुप्पट दिसतो. प्रत्यक्षात लाखाच्याच मापाने पाहिले तर अर्भकमृत्यू १६०० भरतात, मातामृत्यूंच्या जवळजवळ अठ्ठेचाळीस पट.

मग सरळ टक्केच का लिहू नयेत, असे आपले अधिकारी विचारतील. २०१४-१६ मध्ये राज्याचा माता मृत्यू दर ६१ होता, २०१७-१९ मध्ये ३८. टक्क्यांत हे ०.०६१, ०.०३८ आणि ०.०३३ होतात, आणि संगणकाच्या तक्त्यात दशांशाचे एकच स्थळ ठेवले की ०.१, ०.० आणि ०.० एवढेच उरते. शून्यांच्या रांगेत एखादे शून्य गळले तर दर दहापट होतो, आणि ते नजरेलाही येत नाही. एकसष्टवरून तेहेतीस ही घट मात्र कोणालाही वाचता येते. ती मूळ दराच्या सुमारे ४६ टक्के आहे. शेकडेवारीतला फरक केवळ ०.०२८ चा.

लाखाच्या मापालाही मर्यादा आहे. वर्षाला सहाशे जन्म होणाऱ्या आरोग्य केंद्रात एक माता दगावली, तर दर १६७ निघतो, आणि पुढच्या वर्षी कोणी दगावले नाही तर शून्य. राज्याचा दर तीन वर्षांचा मिळून काढतात तो याचसाठी. केंद्राच्या फलकावर 'जन्म ६००, मातामृत्यू १' एवढेच असावे.

तरी प्रत्येक तक्त्यात आकड्यालगत 'दर हजार जिवंत जन्मांमागे' किंवा 'दर लाख जिवंत जन्मांमागे' हे शब्द पूर्ण छापावेत, आणि त्या रुग्णालयासारख्या जुन्या फलकांवरची टक्क्याची चिन्हे पुसण्याचे आदेश द्यावेत, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त गणित शिक्षक