आई-बाबांना, स्टुटगार्टहून

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

हे फोनवर बोलता आलं नसतं. फोन स्पीकरवर असतो, शेजारच्या काकू ओट्यावर बसलेल्या असतात, आणि आईनं "आवाज असा का येतोय तुझा?" विचारलं की मी विषय बदलते. म्हणून लिहायला बसले. बाबा, आई वाचून सांगेल म्हणून थांबू नका, तुम्ही स्वतः वाचा.

मी राहते त्या घरात तीन खोल्या, तिघं जण आणि एकच स्वयंपाकघर आहे, हे तुम्हाला माहीत आहे. एक पोर्तुगालची नर्स, एक इथलाच मुलगा आणि मी. पत्र त्या मुलाबद्दल आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव लिहावं असं अजून काही ठरलेलं नाही. शनिवारी रात्री डायरीत लिहिलं ते आधी तसंच उतरवते.

"ताप उतरला. दुपारी दार उघडलं तर जिना लख्ख पुसलेला. पाळी माझी होती. बादली जागेवर, फडका धुऊन वाळत घातलेला. त्यानं केलं आणि सांगितलंही नाही. मी बराच वेळ त्या ओल्या पायऱ्यांकडे बघत उभी राहिले. हे नुसतं चांगुलपण आहे की आणखी काही? आणि आणखी काही असलं तर मला ते हवंय का?"

जिन्याचं एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. या भागात 'केअरवोखे' नावाची रीत आहे. इमारतीतल्या एकेका घराच्या दाराला आठवडाभर पाटी लटकते. ज्याच्या दारावर पाटी, त्यानं जिना, तळघराची वाट आणि दारापुढचा रस्ता झाडायचा. आठवडा संपला की पाटी पुढच्या दारावर. आमच्या घरात पाटी आली की आम्ही तिघं आळीपाळीनं करतो. इथे ज्याचं काम त्यानंच करायचं असतं. फ्रिजमध्येसुद्धा प्रत्येकाचा वेगळा कप्पा आहे, दुसऱ्याच्या कप्प्यातलं दूध विचारल्याशिवाय कुणी घेत नाही. अशा घरात कुणी गुपचूप माझी पाळी उरकली, तर मनात येणारच.

पण माझ्यात एक खोड आहे, ती आपल्या गल्लीतून आली. आपल्याकडे माया ताटातून कळते. "जेवनी का माय?" हे कुणीही विचारतं, आणि नाही म्हटलं तर चुलीवरची भाकरी समोर येते. त्यामुळे त्यानं पहिल्यांदा स्वतःच्या कप्प्यातलं काढून माझ्यासाठी सूप केलं, तेव्हा मी ते नको तितकं मनावर घेतलं. नंतर आठवलं, ऑक्टोबरमध्ये नर्सबाई आजारी होती तेव्हाही त्यानं तेच सूप केलं होतं, त्याच पातेल्यात. मीच गाजरं चिरून दिली होती.

तेव्हापासून तीन आठवडे मी डायरीत एकच गोष्ट बघतेय. तो माझ्यासाठी जे करतो, ते तिच्यासाठीही करतो का? माझं काम मशिनच्या भागांच्या चाचण्यांचं आहे. तिथे शेजारी साधा नमुना ठेवल्याशिवाय वेगळेपण दिसत नाही, तसंच हे. सूप दोघींना. सामान उचलून देणं दोघींना. केअरवोखेचं मी नर्सबाईलाच विचारलं, तर तिची रात्रपाळी असताना तिचीही पाळी त्यानं दोनदा केली होती. म्हणजे ज्या जिन्यापाशी मी इतका वेळ उभी राहिले, तो जिना पुरावा नव्हे.

उरलं ते थोडं आहे. मी उशिरा येणार असले की तो स्वयंपाकघरात पुस्तक घेऊन बसलेला असतो, आणि मी आले की दहा मिनिटांत झोपायला जातो. नर्सबाई उशिरा येते तेव्हा स्वयंपाकघरात अंधार असतो. आणि बाबा, तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मी त्याला एकदाच सांगितली होती. त्या दिवशी सकाळी त्यानं स्वतःहून विचारलं, "आज आहे ना?"

त्याच्या आईचा फोन आला तेव्हा माझी ओळख त्यानं "आइने फ्रॉइंडिन फॉन मिअर" अशी करून दिली. याचा अर्थ 'माझ्या मैत्रिणींपैकी एक'. 'माइने फ्रॉइंडिन' म्हणाला असता तर अर्थ प्रेयसी झाला असता. इथले लोक हा फरक सांभाळून बोलतात. पण वाढदिवसाच्या कार्डावर त्यानं लिहिलं होतं, "हाब दिश लीब". शब्दकोश काढला तर 'प्रेम करतो' असं वाटतं, आणि मला त्या रात्री झोप लागली नाही. ऑफिसातल्या मैत्रिणीनं सांगितलं की हे बहिणीला, मित्राला, आजीलाही लिहितात. प्रेमात पडलेला माणूस सहसा "इश लीबे दिश" म्हणतो, आणि ते सहजासहजी म्हणत नाही. म्हणजे शब्दांवरून मैत्री दिसते, आणि त्याचं माझ्यासाठी रात्री जागत बसणं तेवढं बाकी राहतं.

आता माझ्याबद्दल. नोव्हेंबरात इथे साडेचारला सूर्य जातो. मी ऑफिसातून निघते तेव्हा तुमच्याकडे साडेनऊ वाजून गेलेले असतात आणि आई पेंगत असते. अंधारात घरी यायचं आणि स्वयंपाकघरात दिवा दिसायचा, हे मला फार आवडायला लागलंय. तो आवडतो, की दिवा लावून कुणीतरी बसलंय हे आवडतं, ते मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही. त्याला विचारण्याआधी मला हे स्वतःला विचारायचंय. डिसेंबरात तो दोन आठवडे गावी जाणार आहे. तेव्हा नर्सबाई दिवा लावून बसली आणि मला तितकंच बरं वाटलं, तर उत्तर मिळेल.

दुसरी अडचण व्यवहाराची आहे. घराचा भाडेकरार त्याच्या नावावर आहे आणि मी त्याची पोटभाडेकरू. माझी सरकारी पत्त्याची नोंद याच दारावर आहे. खोली सोडायची तर करारात तीन महिन्यांची नोटीस, आणि ही खोली मिळायला मला दोन महिने लागले होते. मी विचारलं आणि माझा समज चुकीचा निघाला, तर रोज त्याच ओट्यावर चहा करावा लागेल. त्याच्याही बाजूनं बघितलं तर घरमालकासारख्या जागी असताना आपण बोललो तर तिच्यावर दडपण येईल, असं त्याला वाटत असेल. कदाचित म्हणूनच तो दहा मिनिटांत उठून जातो.

म्हणून जानेवारीत, तो परत आल्यावर, घराबाहेर कुठेतरी चालताना विचारणार आहे. वाक्य ठरलंय: "तू माझी वाट बघत बसतोस, ते मला आवडतं. ते मैत्रीपलीकडचं आहे का, एवढं सांग. नाही म्हणालास तरी मी इथे नीट राहीन." इथे सरळ विचारलेलं कुणाला खुपत नाही, आणि 'नाही' आलं तर तेही सरळ येतं.

तुम्हाला आधी कळवतेय, कारण ही गोष्ट दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर यायला नको. जात, देश, लोक काय म्हणतील, हे सगळं तुमच्या मनात येणार, ते मला माहीत आहे. त्यावर आपण बोलू, पण जानेवारीनंतर. तोवर मामांना सांगू नका आणि आलेल्या स्थळांना होही म्हणू नका.

आई, मागच्या रविवारी भरीत केलं. इथली वांगी जांभळी आणि घट्ट सालीची असतात, ओव्हनमध्ये भाजली तरी कपाशीच्या काड्यांवरचा धूर काही येत नाही. दोघांनीही खाल्लं. तो पाणी पीत पीत दुसऱ्यांदा वाढून घेत होता.

कापसाची दुसरी वेचणी झाली का? बाबांनी जिना चढायला सुरुवात केली का? रविवारी तुमच्या चारच्या सुमारास फोन करा, मी घरीच असेन. आणि स्पीकर बंद ठेवा.

तुमची,
माई