करपलेल्या पातेल्याबद्दल सुहासला पत्र

मिरज, १८ जानेवारी

प्रिय सुहास,

पातेल्याचा फोटो मिळाला. तारेची घासणी हातात घेतली असशील तर आधी खाली ठेव. स्टीलच्या पातेल्याचं नुकसान खीर करपल्याने होत नाही, ते नंतरच्या खरवडण्याने होतं. तारेचे ओरखडे पडले की पुढच्या वेळी दूध त्याच ओरखड्यांत धरतं, आणि मग ते पातेलं दरवेळी बुडाला लागू लागतं. आमच्या खानावळीत रोज काही ना काही लागतंच, त्यामुळे यावर फोनवर दोन वाक्यांत सांगण्यापेक्षा लिहिलेलं बरं वाटलं.

फोटोत मला तळाशी दोन थर दिसतात. कडेला तपकिरी, चिवट आणि मधोमध तळहाताएवढा काळा. तपकिरी थर म्हणजे दुधातली प्रथिनं आणि साखर-गूळ भाजून एकमेकांना चिकटलेली. त्यावर सोडा चांगला चालतो, कारण अल्कलीने प्रथिनं फुगतात आणि तूप-साय साबणासारखी सुटते. काळा भाग मात्र कोळसा झालेला आहे, आणि कोळसा सोड्यात विरघळत नाही. पण तोही निघतो, कारण त्याच्याखाली अजून पूर्ण न जळलेला पातळ थर असतो. सोड्याचं पाणी त्या खालच्या थरात शिरतं आणि काळा पापुद्रा अख्खा सुटून येतो. म्हणूनच भिजायला वेळ द्यायचा. जोर लावून काही उपयोग नाही.

आता तुझ्या पातेल्याचं सांगतो. ते पूर्ण गार होऊ दे. गरम भांड्यात गार पाणी ओतलंस तर बूड वाकतं, मग ते गॅसवर डुगडुगतं आणि पुढे एकाच बाजूला करपत राहतं. गार झालं की सैल खीर लाकडी कालथ्याने काढून टाक. जेवढी सहज निघेल तेवढीच. मग करपलेल्या भागावर दोन बोटं पाणी येईल इतकं पाणी घाल. तुझ्या पातेल्याला साधारण एक लिटर लागेल. त्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून ढवळ. सोडा पाणी गार असतानाच घालायचा. उकळत्या पाण्यात टाकलास की फेस एकदम वर येतो आणि सगळं ओट्यावर. आणि घरात बेकिंग पावडरचा डबा असेल तर तो घेऊ नकोस. तिच्यात सोड्याबरोबर आम्ल आणि स्टार्चही असतं, ती आपसातच फसफसते आणि तुझं काम होत नाही.

मंद आचेवर ठेव आणि हलकी उकळी येऊ दे. खळखळून उकळायची गरज नाही. पाणी तापलं की सोड्यातून कार्बन डायऑक्साइड हळूहळू निघून जातो आणि मागे धुण्याचा सोडा उरतो, तो जास्त जोरकस असतो. गार पाण्यातला सोडा रात्रभर ठेवूनही जे करत नाही ते गरम पाणी पंधरा मिनिटांत करतं, त्याचं कारण हेच. पाणी आटू देऊ नकोस, तळ उघडा पडू लागला तर थोडं गरम पाणी वाढव. पंधरा मिनिटांनी गॅस बंद कर आणि झाकण ठेवून तसंच राहू दे. संध्याकाळी केलंस तर सकाळपर्यंत ठेवलं तरी स्टीलला काही होत नाही.

सकाळी पाहशील तर पाणी चहासारखं लाल झालेलं असेल, आणि काळ्या भागाची कड कुठेतरी उचललेली दिसेल. तिथूनच सुरुवात कर. लाकडी कालथ्याची कड त्या सुटलेल्या किनारीखाली जवळजवळ आडवी सरकव आणि पुढे ढकल. पापुद्रा वेफरसारखा उठतो. जिथे कालथा अडतो तिथे थांब. तिथे जोर लावू नकोस, त्या जागी अजून पाणी पोचलेलं नाही. पाणी ओतून दे आणि तेच पुन्हा कर, यावेळी एकच चमचा सोडा पुरेल. तुझ्या फोटोवरून मला वाटतं, दुसऱ्या फेरीत मधला भाग निघेल. शेवटी एखादा डाग राहिलाच तर तीन भाग सोडा आणि एक भाग पाणी अशी लापशी करून त्यावर लाव, अर्ध्या तासाने ओल्या सुती फडक्याने किंवा नारळाच्या काथ्याने घास. सोड्याचे कण स्टीलपेक्षा मऊ असतात, त्याने ओरखडा पडत नाही. रांगोळी, वाळू, विटेची भुकटी मात्र टाळ. आपल्याकडे सर्रास वापरतात, पण स्टीलची चकाकी तिनेच जाते.

दोन गोष्टी घडल्या तर घाबरू नकोस. घासून झाल्यावर तळाशी पांढुरका थर दिसेल. तुमच्याकडे बोअरचं पाणी आहे, त्यातला चुना सोड्याबरोबर बसतो. त्यावर अर्धं लिंबू फिरव किंवा चमचाभर व्हिनेगर टाकून पुसून घे, लगेच जाईल. दुसरं म्हणजे निळसर-जांभळट इंद्रधनुषी छटा. ती करपल्याची नसते, जास्त तापल्यामुळे स्टीलवर आलेल्या ऑक्साइडची असते. तीही व्हिनेगरने फिकी होते, आणि राहिली तरी भांडं वापरायला हरकत नाही.

तू विचारलंस की सोडा आणि व्हिनेगर एकदमच घातलं तर जोर दुप्पट होईल का. उलट, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. फेस भरपूर येतो, पाहायला बरं वाटतं, पण मागे उरतं ते जवळपास साधं पाणी. आधी सोडा, तो पूर्ण धुऊन टाक, मग हवं तर आंबट. मीठही या पाण्यात टाकू नकोस. गार पाण्याच्या तळाशी मीठ बसलं तर स्टीलवर बारीक खड्डे पडतात आणि ते कधीच जात नाहीत.

हे सगळं स्टीलपुरतं झालं. तू पुढे लिहिलंस की भाताचा जर्मनचा टोपही असाच साफ करून टाकतो, तिथे मात्र थांब. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. त्यावर निसर्गतः एक पातळ ऑक्साइडचा थर असतो, तोच त्याला सांभाळतो. गरम सोड्याचं पाणी तो थर खातं आणि टोप आतून राखाडी-काळा पडतो. आपल्या घरातल्या बायका कुकरच्या तळाच्या पाण्यात लिंबाची साल किंवा चिंचेचं बुटूक टाकतात ते याचसाठी. पाणी थोडं आंबट असलं की ॲल्युमिनियम काळं पडत नाही. तुझ्या टोपाला भात लागला आहे, म्हणजे पिठूळ थर. त्याला सोडा लागतच नाही. टोपात पाणी भर, हलकी उकळी आणून दहा मिनिटं ठेव, झाकून गार होऊ दे. भाताचा थर पाणी पिऊन फुगतो आणि कालथ्याने गुंडाळून येतो. तरीही तांबूस डाग राहिले तर त्याच टोपात पाणी आणि लिंबाच्या साली किंवा चार आमसुलं घालून पुन्हा दहा मिनिटं उकळ. आणि टोप आधीच सोड्याने काळवंडला असेल तरी हाच उपाय, पुष्कळसा काळेपणा उतरतो. ॲनोडाइज्ड कुकर असेल तर त्यालाही सोड्याचं उकळतं पाणी लावू नकोस, त्याचा काळा थर म्हणजे ऑक्साइडच, तो गेला की परत येत नाही.

काकूंच्या पितळी पातेल्याबद्दल तू विचारलं नाहीस, पण मला ते आठवतं आहे, दिवाळीला त्यातच आमटी व्हायची. ते तुझ्याकडे आलं असेल आणि त्यात कधी काही लागलं तर सगळ्यात जास्त जपून. आतली कल्हई म्हणजे कथलाचा पातळ मुलामा. कथील २३२ अंशांवर वितळतं, आणि रिकामं पातेलं मोठ्या आचेवर तेवढं तापायला काहीच वेळ लागत नाही. म्हणून पाण्याशिवाय ते गॅसवर नको. काही लागलं तर साधं पाणी भरून अगदी मंद आचेवर तापव, गार होऊ दे, बोटांनी आणि मऊ फडक्याने काढ. अगदीच हटलं नाही तर चमचाभर सोडा घाल, पण दहा मिनिटांनी पाणी ओत, रात्रभर ठेवू नकोस. काथ्या, घासणी, कालथा काहीच लावायचं नाही. थर राहिला तर राहू दे. कल्हई खरवडून पितळ उघडं पडलं की त्यात चिंचेची आमटी, ताक काहीही शिजवता येत नाही, आंबटाने ते कळकतं. पिवळा ठिपका दिसला की पातेलं कल्हईवाल्याकडे. आमच्याकडे मार्केटमागे एक म्हातारेबाबा अजून बसतात. पातेलं तापवून नवसागर फिरवतात, कथील टाकून कापसाने पसरतात. तू येशील तेव्हा घेऊन ये, आपण दोघं जाऊ.

खीर कशामुळे लागली तेही सांगतो, कारण पातेलं साफ करून तू पुन्हा तीच करणार. गूळ तू गहू शिजतानाच घातलास असं लिहिलंस. गुळाने खीर जड होते आणि तळाशी साखर भाजू लागते. आधी गहू पूर्ण शिजव, गूळ शेवटी घाल, आणि तो घातल्यावर पळी तळाला टेकवून ढवळत राहा. वर वर ढवळलंस तर वरची खीर फिरते, खालची तिथेच बसते. पळी तळावर फिरवताना एखाद्या जागी खरखर लागली की खाली धरायला सुरुवात झाली समज. तेव्हा तिथे खरवडू नकोस. गॅस बंद कर आणि वरची खीर दुसऱ्या भांड्यात ओतून घे. तळ ढवळलास तर करपलेला वास सगळ्या खिरीला लागतो. न ढवळता ओतलीस तर वरची बहुतेक वाचते.

पहिल्या उकळीनंतर सकाळी फोटो पाठव, काळा भाग कुठून सुटतो आहे ते मला दिसेल. वहिनींना नमस्कार सांग आणि पिंट्याला म्हणावं, मामा लवकरच येतोय.

तुझा,
दिलीप